मामाच्या टोस्टची बारा कार्डं: कामाच्या नोंदी

१३ एप्रिल

धाकट्या बहिणीचं लग्न १० मेला, वेंगुर्ल्यात. सासर गोव्याचं, ख्रिश्चन. सकाळी आपल्या पद्धतीने अंतरपाट, संध्याकाळी त्यांच्या पद्धतीने रिसेप्शन, असं दोन्ही घरांनी मिळून ठरवलंय. रिसेप्शनला मुलीकडच्या कुणा वडीलधाऱ्याने टोस्ट द्यावा, म्हणजे जोडप्यासाठी छोटं भाषण करून शेवटी ग्लास उंचवावा, असा त्यांचा निरोप आला. बाबा नाहीत, म्हणून मान मामाचा.

मामा एकाहत्तर वर्षांचा, निवृत्त शिक्षक. बोलायची सवय आहे, अडचण डोळ्यांची. उजव्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय, म्हणजे ज्या शब्दाकडे सरळ बघावं तोच पुसट होतो. डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. वर्तमानपत्राचे मथळे वाचतो, आतला मजकूर मामी वाचून दाखवते. पाठ करायचं सुचवून पाहिलं. "पाठ केल्लां मधीच इसारलंय तर खंय जाव?" असं म्हणून त्याने तो विषय बंद केला.

त्याने दुरेघी वहीत सहा पानं लिहून दिली आहेत. ती मोठ्या अक्षरातल्या कार्डांवर उतरवायचं काम माझं. मी बँकेत नोकरी करते, छपाईतलं मला काही कळत नाही. नोंदी ठेवतेय, कारण हे काम पुन्हा कुणाला तरी करावं लागणार आणि माझ्या चुका त्याला आयत्या मिळतील.

१५ एप्रिल

आधी अक्षर किती मोठं लागतं ते बघितलं. एकच वाक्य २०, २४, २८, ३२ आणि ३६ पॉइंटमध्ये छापलं आणि मामाला ओटीवर खुर्चीत बसवून वाचायला दिलं. २४ ला अडखळला, २८ ला सरळ वाचून गेला. झालं, २८ ठरलं, असं समजून मी उठले. ही पहिली चूक. ती कळायला पाच दिवस लागले.

फॉन्टसाठी मात्र वेळ घालवला तो बरा. मोठं म्हणजे ठळक, या समजुतीने मी सगळं बोल्ड केलं होतं. मामाने 'भाची'चं 'माची' वाचलं. देवनागरीत ब आणि व, भ आणि म, घ आणि ध यांच्यातला फरक एका बारीक रेघेवर नाहीतर गाठीवर असतो. अक्षर जाड केलं की ती मधली फट भरून जाते. फार बारीक केलं तर शिरोरेघच पुसट होते. मुक्ता नावाचा फॉन्ट फुकट मिळतो आणि त्यात जाडीच्या बऱ्याच पायऱ्या आहेत. त्यातला `Mukta Medium` घेतला. तिरकी अक्षरं नाहीत, अधोरेखित काही नाही. अधोरेखा तर उकाराला कापतच जाते.

१९ एप्रिल

पहिला संच घरच्या प्रिंटरवर काढला. पोस्टकार्डाएवढी कार्डं, २८ पॉइंट, प्रत्येक ओळ मधोमध. दिसायला पत्रिकेसारखं सुंदर. मामाने पहिलं कार्ड वाचलं आणि दुसऱ्या ओळीऐवजी तिसरीवर गेला. पुढच्या कार्डावर पुन्हा तेच.

मधोमध मांडलेल्या मजकुरात प्रत्येक ओळ वेगळ्या जागी सुरू होते. ज्याच्या नजरेत मध्यभागीच डाग आहे, त्याला ओळ संपली की पुढचीची सुरुवात चाचपडत शोधावी लागते. सगळ्या ओळी डाव्या कडेला एका रेषेत लावल्यावर ही चूक थांबली. दोन्ही कडा सारख्या करायच्या भानगडीतही पडू नका. त्यात शब्दांमधलं अंतर कमीजास्त होतं आणि विराम नसलेल्या ठिकाणी तो थांबतो.

आज अजून एक शहाणपण विकत घेतलं. मामा कार्ड हातात घेऊन अंगणात गेला, तोवर घामाने बोटाखालची शाई पसरली होती. घरच्या इंकजेटची शाई पाण्यात विरघळते आणि एप्रिलमधल्या वेंगुर्ल्यात कोरडा हात कुणाचाच नसतो. शेवटची छपाई लेझरवरच करायची. १२० रुपयांचा जाड कागद सरावाला कामी येईल.

२० एप्रिल

मामाला उभं केलं. हे पंधरा तारखेलाच करायला हवं होतं.

खुर्चीत तो कागद डोळ्यांपासून साधारण ४० सेंटिमीटरवर धरतो. उभा राहून बोलताना हात आपोआप खाली येतात, कारण कागदामागे तोंड लपवलेलं त्याला आवडत नाही. टेपने मोजलं, ६० भरलं. त्या अंतरावर २८ चं अक्षर त्याला दिसेना आणि मग वाकून हनुवटी छातीला लावावी लागली. आवाज कार्डात शिरला.

हिशोब सोपा आहे. अंतर जेवढ्या पटीने वाढतं तेवढ्याच पटीने अक्षर वाढवायचं. २८ ला ६० ने गुणून ४० ने भागलं की ४२ येतं. हात जरा वर, पोटाऐवजी छातीच्या खाली धरायला सांगितलं तर अंतर ५५ होतं आणि अक्षर ३८-३९ पुरतं. मी ४० ठरवलं. पोस्टकार्डावर ४० पॉइंटच्या दोनच शब्दांची ओळ बसते, म्हणून कार्ड ए-फोरच्या अर्ध्याएवढं, आडवं. म्हणजे २१ बाय १४.८ सेंटिमीटर.

खालची तीन सेंटिमीटरची पट्टी कोरी ठेवली आहे. तिथे अंगठा येतो. शिवाय मजकूर वरच्या भागात असला की मान कमी वाकते. उजव्या खालच्या कोपऱ्यात फक्त कार्डाचा क्रमांक. उरलेल्या जागेत पाच ओळी बसतात.

ओळींच्या अंतरात मी अर्धा तास घालवला. लिब्रेऑफिसमध्ये दीडपट अंतर दिलं तर ओळी इतक्या लांब गेल्या की कार्डावर तीनच बसल्या. वेलांट्या, मात्रा, उकार मावावेत म्हणून देवनागरी फॉन्टमध्ये आधीच भरपूर जागा धरलेली असते आणि दीडपट होते ती त्या जागेची. पट सोडून `Line Spacing` मध्ये `Fixed` निवडलं आणि ६० पॉइंट दिलं. उकार खालच्या ओळीच्या रफाराला लागत नाही आणि पाच ओळी नीट बसतात.

२१ एप्रिल

आता खरी अडचण पुढे आली. एका ओळीत चार शब्द, कार्डावर पाच ओळी, म्हणजे कार्डामागे वीस शब्द. मामाचं भाषण ६४० शब्दांचं. बत्तीस कार्डं! फोनवर मोजलं तर वाचायला सात मिनिटं दहा सेकंद लागली. तेवढा वेळ हातात ग्लास धरून उभं राहिलेले पाहुणे मनातल्या मनात मामाला काय म्हणतील ते लिहीत नाही.

काटछाट करायला मी घाबरत होते. पण मामा शिक्षक, दुसऱ्याचा निबंध तपासावा तशी त्याने स्वतःच लाल पेन घेतली. घराण्याचा इतिहास गेला, दोन सुभाषितं गेली, आभारांची यादी गेली. सायकलची आठवण राहिली, गोव्याच्या हद्दीवरच्या तेरेखोल नदीचा विनोद राहिला आणि बाबांबद्दलचं एक वाक्य राहिलं. २१२ शब्द.

२४ एप्रिल

विरामाच्या खुणा. यात मी सगळ्यात जास्त आपटले.

छोट्या थांब्याला एक उभी रेघ, मोठ्याला दोन, असं मी सुरू केलं. पोथीत असतंच की. मामाने वाचलं, "आज आमच्या घराता". मी म्हटलं, घरात. तो म्हणाला, "गो, माका ह्यो काना वाटलो." देवनागरीत उभी रेघ म्हणजे काना. पोथी ओळखीची असते म्हणून दंड चालतो, इथे नव्या मजकुरात तो अक्षराला चिकटलेला दिसतो. तिरकी रेघ करून बघितली, तिचा काना झाला नाही पण 'र' च्या शेपटीसारखी वाटली.

मग खूण नकोच, शब्दच लिहू म्हणून कंसात 'थांब' लिहिलं. मामाने मोठ्या आवाजात वाचलं, "ती शाळेत जायची थांब." मामी हसून हसून बाहेर गेली. यात मामाची चूक नाही. मोठ्या अक्षरात जे काही शब्दरूपात लिहिलंय ते वाचायचं, एवढंच माणूस तिथे करू शकतो. तेव्हापासून नियम केला की जे तोंडाने बोलायचं नाही ते अक्षरात लिहायचं नाही.

लाल रंगाच्या आडव्या खुणाही करून पाहिल्या. दिवसा छान दिसल्या. रात्री ओटीवरच्या पिवळ्या दिव्याखाली लाल आणि काळा त्याला एकच वाटला. स्टेजवर रंगीत दिवे असणार, तेव्हा रंगावर भिस्त ठेवणं सोडून दिलं.

शेवटी भरीव काळा गोळा ठरला. एक गोळा म्हणजे एक श्वास, दोन गोळे म्हणजे मनात तीन आकडे मोजायचे आणि वर बघायचं. गोळा अक्षराला चिकटला तर अनुस्वार किंवा नुक्ता वाटेल, म्हणून त्याच्याआधी दोन मोकळ्या जागा सोडल्या आणि तो ओळीच्या शेवटीच ठेवला. ओळीच्या मध्ये कधीच नाही. पूर्णविराम आणि स्वल्पविराम तसेच ठेवले, कारण ते काढल्यावर मामातला शिक्षक बेचैन झाला.

२५ आणि २६ एप्रिल

ओळी तोडणं. मी समजत होते की हे मांडणीचं काम आहे. चार शब्द झाले की `Shift+Enter`. ते तसं नाही.

पहिल्या खेपेला असं झालं होतं:

```
ती लहानपणी माझ्या सायकलच्या
दांड्यावर बसून शाळेत
जायची आणि वाटेत मला
```

ओळ संपली की वाचणाऱ्याचा आवाज थोडा तरी थांबतोच, खूण असो वा नसो. 'सायकलच्या' पाशी थांबलं की ऐकणारा विचारतो, सायकलच्या काय? चा-ची-चे, च्या हे पुढच्या शब्दाला हात देऊन उभे असतात, त्यांना ओळीच्या टोकावर सोडता येत नाही. आणि 'जायची' एकटं पुढच्या ओळीवर गेलं की वाक्याचा शेवट नव्या वाक्यासारखा ऐकू येतो. दुरुस्ती अशी:

```
ती लहान असताना
माझ्या सायकलच्या दांड्यावर बसून
शाळेत जायची.  ●
```

पहिल्या ओळीत तीनच शब्द आहेत, असू देत. ओळी सारख्या लांबीच्या दिसाव्यात हा मोह सोडला. एका दमात जेवढं बोलतो तेवढी ओळ. 'बसून' पाशी आवाज चढा राहतो आणि 'जायची' ला उतरतो, त्यामुळे कान फसत नाही. नाव आणि आडनाव, 'करून टाकलं' सारखी जोडीची क्रियापदं, आकडा आणि त्याचं नाम हे एकाच ओळीत. मुलाचं आडनाव पोर्तुगीज वळणाचं आहे. ते त्याच्या आईकडून फोनवर दोनदा वदवून घेतलं आणि जसं ऐकू आलं तसंच लिहिलं. पत्रिकेवरच्या स्पेलिंगवरून मी आधी जे लिहिलं होतं ते ऐकून त्यांनी अगदी सभ्यपणे "ना, ना" केलं होतं.

वाक्य एका कार्डावरून दुसऱ्यावर जाऊ द्यायचं नाही, हेही ठरवलं. त्यामुळे काही कार्डांवर तीनच ओळी राहिल्या. मामा म्हणाला कागद फुकट जातोय. जाऊ दे.

२७ एप्रिल

वरचा नियम मी एका ठिकाणी पाळला नव्हता. चौथं कार्ड असं संपत होतं:

```
या लग्नाला
माझा विरोध होता
```

आणि पाचवं असं सुरू होत होतं:

```
असं कुणी सांगितलं
तर ते खोटं आहे.
```

मामाने चौथं वाचलं आणि पलटायला कार्डाचा कोपरा शोधू लागला. घामट बोटं, दोन कार्डं एकत्र आली, तीन-चार सेकंद गेले. तेवढ्यात स्वयंपाकघरातून मामी पोळपाट सोडून बाहेर आली. "काय? तुमचो इरोध होतो?"

स्टेजवर हे तीन-चार सेकंद झाले असते तर मी काही कल्पना करू इच्छित नाही. दोष मामाच्या बोटांचा नाही, वाक्याचा आहे. मराठीत क्रियापद शेवटी, 'नाही' त्याच्याही नंतर आणि 'असं म्हणाला' हे सगळं बोलून झाल्यावर. लेखी वाक्यात डोळा पुढे धावून ते बघून येतो. कार्डावर मात्र पुढचं दिसत नाही, वाचणाऱ्यालाही नाही आणि ऐकणाऱ्याला तर कधीच नाही. अशी वाक्यं तोडून चालत नाहीत, ती फोडून पुन्हा बांधावी लागतात. कोण म्हणालं ते आधी, आणि नकार स्वतःच्या पायावर उभा:

```
काही जण म्हणाले,
मामा विरोध करील.  ●
मी नाही केला.  ●
मी मोदकांची ऑर्डर दिली.  ●●
```

शेवटची ओळ मामाची.

मग बारा कार्डांत 'नाही', 'नव्हे' आणि 'असं' एवढे तीन शब्द शोधले. अजून दोन वाक्यं सापडली. तेरेखोलचं वाक्य मूळ वहीत एकवीस शब्दांचं होतं, 'समुद्राच्या पलीकडच्या नव्हे तर' असं काहीतरी. ते असं झालं:

```
आमची भाची
तेरेखोलच्या पलीकडे चालली.  ●
फार लांब नाही.  ●
पण जाता जाता तिने
आम्हाला कोंकणी शिकवली.  ●●
```

इथे दोन गोळ्यांचं खरं काम कळलं. विनोद झाला की मामा घाईने पुढचं वाक्य सुरू करायचा आणि हशात ते बुडायचं. दोन गोळे म्हणजे लोक हसत असतील तर हसू दे. हसले नाहीत तरी तीन मोजायचे, हे त्याच्याकडून कबूल करून घेतलं.

१ मे

एका दुकानात फाइल दिली आणि चकचकीत लॅमिनेशन करून घेतलं. कार्डं टिकतील, कोकमाचा डाग पुसता येईल असा विचार. चौदा कार्डं, बारा आणि दोन जादा, वीस रुपये एकाचे, २८० रुपये. घरी ट्यूबलाइटखाली धरलं तर मधोमध पांढरा पट्टा. मामाने कार्ड हलवून हलवून वाचायचा प्रयत्न केला आणि मग खाली ठेवलं. संच रद्द. मंद, चमक नसलेला कागदच हवा, आणि पांढराशुभ्र नको, साईच्या रंगाचा. शुभ्र कागदाने त्याच्या डोळ्यावर झळ येते.

३ मे

दुसरं दुकान, साईच्या रंगाचा २५० जीएसएमचा कागद, लेझर. मी वर्डची फाइल पाठवली. त्यांच्या संगणकावर मुक्ता फॉन्ट नव्हता, त्याने आपल्या मनाने दुसरा घेतला, ओळी पुन्हा मोडल्या आणि गोळे पुढच्या ओळीच्या सुरुवातीला जाऊन बसले. दुकानातल्या पोराला काय कळणार, त्याने छापून दिलं. सहा कागदांचे ९० रुपये गेले, चूक माझी.

पीडीएफ करून पुन्हा गेले. फॉन्ट पीडीएफमध्येच बसतो, ओळी हलत नाहीत. तरी पहिलं पान हातात घेतल्यावर अक्षर बारीक वाटलं. पट्टी लावली, २१ च्या जागी साडेवीस. छापताना `Fit` निवडलेलं होतं, ते `Actual size` करायला लावलं. तसंच एका कागदावर दोन पानं हा पर्याय दुकानातल्या खिडकीत निवडू नका, तोही आकार आवळतो. मी फाइलमध्येच उभ्या ए-फोरवर वरखाली दोन कार्डं मांडून नेली होती. दोन संच काढले, १८० रुपये. कापायचे ४०. काठ कापणीयंत्रावर कापून घ्या. कात्रीने कापलेलं कार्ड एखाद मिलिमीटर लहानमोठं होतं आणि लहान कार्ड पलटताना बोटाला लागतच नाही.

दुसरा संच माझ्या पर्समध्ये राहणार.

६ मे

रंगीत तालीम, ग्लासासकट. मामा माळकरी, त्यामुळे ग्लासात कोकम सरबत. रंग वाइनसारखाच, पाहुण्यांना फरक कळणार नाही.

एका हातात माइक, एका हातात ग्लास, कार्डं कुठे? इतके दिवस मी कार्डांचाच विचार करत होते, हातांचा नाही. मामाने ग्लास काखेत धरून बघितला. तिसऱ्या कार्डावर सरबत सांडलं. बरं झालं सरावाचा संच होता.

ठरलं ते असं. माइक स्टँडवर. हॉलवाल्याला फोन करून सांगून ठेवलं. कार्डांच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात भोक पाडून सुटी कडी घातली, दहा रुपयांना मिळते. डाव्या हातात कार्डं, उजव्याने पलटायची. कडीमुळे कार्ड मागे जाऊन पडतं, हातातून सुटलं तरी क्रम बिघडत नाही. संध्याकाळचा वारा समुद्राकडून येतो आणि हॉल तीन बाजूंनी उघडा आहे, तेव्हा सुटी कार्डं नकोतच. कडी मात्र जरा मोठी घ्या. लहान कडीत कार्ड पूर्ण मागे वळत नाही, अर्ध्यावर उभं राहतं.

ग्लास बाजूच्या स्टुलावर. अकराव्या कार्डाच्या शेवटी मी ग्लासाचं चित्र काढलं, मार्करने, हाताने. चित्र दिसलं की उजवा हात ग्लासाकडे. बाराव्या कार्डावर फक्त दोन ओळी, आणि त्या त्याला पाठ आहेत, म्हणजे कार्डाकडे बघायची गरज नाही:

```
दोघांच्या सुखासाठी!  ●
देव बरें करूं!
```

वेळ लावली. दोन मिनिटं अठ्ठावन्न सेकंद.

९ मे

हॉलवर जाऊन आलो. माइकचा स्टँड आहे, पण त्याचा वरचा स्क्रू झिजलाय आणि माइक हळूहळू खाली मान टाकतो. चिकटपट्टी गुंडाळली. स्टेजवरचा मोठा दिवा मामाच्या पाठीमागून येतो, त्यामुळे कार्डावर त्याचीच सावली पडते. दिवा हलवायला कुणी तयार नव्हतं. मामाला दोन पावलं डावीकडे सरकवलं आणि फरशीवर खडूने फुली केली. वीज गेली तर काय, म्हणून चुलतभावाला बॅटरी देऊन पहिल्या रांगेत बसवायचं ठरलं.

१० मे

वीज गेली नाही. घाम मात्र वाहत होता.

सातव्या कार्डानंतर मामाने पलटलं आणि गप्प झाला. मला वाटलं, आता संपलं. दोन कार्डं चिकटून एकदम गेली होती. त्याने खालच्या कोपऱ्यात ९ बघितलं, अंगठ्याने कार्डं परत पुढे आणली, ८ काढलं आणि सावकाश सुरू केलं. लोकांना वाटलं, बाबांच्या आठवणीने थांबलाय, कारण आठवं कार्ड त्यांचंच होतं. पुढच्या रांगेत दोघीतिघींनी डोळे पुसले. मी कुणाला काही सांगितलं नाही.

मोदकांवर हशा आला, तेरेखोलवर त्याहून मोठा. तिथे मामाने तीन नाही, निदान आठ तरी मोजले. शेवटच्या ओळीला मुलाकडच्यांनी "विवा!" म्हणून उत्तर दिलं. ते आमच्या कार्डावर नव्हतं. मामा दचकला आणि त्यानेही "विवा!" म्हटलं.

१२ मे

खर्च एकूण ७४० रुपये, त्यात कड्या दोन, म्हणजे त्यांचे वीस आणि एक दहाचा मार्कर. वाया गेले ते लॅमिनेशनचे २८० आणि फॉन्टचे ९०. वेळ साधारण एकोणीस तास. त्यातले सहा ओळी आणि वाक्यं नीट करण्यात, चार दुकानांच्या फेऱ्यांत.

पुन्हा केलं तर दोन गोष्टी बदलीन. पहिल्या दिवशीच उभं करून मोजीन. आणि कार्डांच्या खालच्या काठाला एकाआड एक डावीकडे-उजवीकडे कोपरा कापीन, म्हणजे शेजारची दोन कार्डं चिकटली तरी बोटाला पायरी लागेल. हे काल जुन्या संचावर करून बघितलं, घामट हाताने. चालतं.

मुलाच्या आत्याने फाइल मागितली आहे. तिच्या भावाला जानेवारीत टोस्ट द्यायचाय, त्याचीही नजर अधू. ते कोंकणी रोमी लिपीत लिहितात, म्हणून तिला फॉन्ट बदलायला सांगितलं. गोळे तसेच ठेव म्हटलं. ती म्हणाली, आम्ही उभी रेघ मारू, आमच्यात काना नसतो. मी तिला तिच्याच लिपीत, मोठ्या अक्षरात, एक शब्द आणि पुढे उभी रेघ असं लिहून फोटो पाठवला. थोड्या वेळाने तिचं उत्तर आलं: रेघ एल अक्षरासारखी दिसते, गोळेच ठेवते.